गुहागरच्या आभाळात इंद्रधनुष्य: जागा, माप आणि रंगांचं मिसळणं

प्रश्न: नमस्कार. भावाच्या होम-स्टेसाठी फ्लेक्स करतोय. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात संध्याकाळी पावणेसहाला गुहागरच्या किनाऱ्यावर मोबाइलवर दोन फोटो काढले. एक समुद्राकडे, सूर्य खाली येत असताना. दुसरा 0.5x वर, मागे वळून: सुरू, माड, मागे डोंगर आणि त्यावर काळा ढग, तिकडे पाऊस पडत होता. समुद्राच्या फोटोत फोटोशॉपमध्ये नेटवरचं इंद्रधनुष्य टाकलं. Opacity कमी केली की राखाडी पट्टा दिसतो, वाढवली की स्टिकर चिकटवल्यासारखं. कुठे चुकतंय?

उत्तर:

आधी समुद्राचा फोटो बाजूला ठेवा. Opacity कितीही फिरवली तरी तो जमणार नाही, कारण सूर्य समोर असताना इंद्रधनुष्य दिसतच नाही. ते नेहमी सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला, म्हणजे आपली सावली जिकडे पडते तिकडे उमटतं. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. म्हणून संध्याकाळचं इंद्रधनुष्य कायम डोंगराच्या अंगाला असतं आणि समुद्रावरचं दिसतं ते सकाळी. सूर्य 42 अंशांहून वर गेला की सपाट जागेवरून ते क्षितिजाखाली जातं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला गुहागरला हिशेब असा बसतो: सकाळी साधारण साडेनऊच्या आत समुद्रावर, दुपारी सव्वातीन-साडेतीननंतर डोंगरावर, मधल्या वेळात कुठेच नाही. जुलैत सूर्य जास्त उंच असतो, त्यामुळे दुपारी चार वाजून जावे लागतात. फोटोशास्त्रातलं काही ठाऊक नसलं तरी किनाऱ्यावर वाढलेला माणूस सूर्यास्तावर कमान बघून बिचकतो. काय खटकलं ते त्याला सांगता येत नाही, एवढंच.

तुमचा दुसरा फोटो मात्र या कामासाठी मागवून घ्यावा तसा आहे. परतीच्या पावसात ढग दुपारनंतर सह्याद्रीवर भरतात आणि सर डोंगराच्या बाजूने येते, तेव्हा पश्चिम मोकळी असते. खालून तिरपं ऊन, समोर पावसाचा पडदा, मागे काळा ढग, सगळं जागेवर आहे. फक्त एक गोष्ट तपासा: वाळूवर स्वच्छ सावल्या पडल्या आहेत का? सावल्या नसतील तर ऊन नव्हतं, आणि ऊन नसेल तर धनुष्यही नको. पावणेसहाचा फोटो आहे म्हणताय, तर तुमची स्वतःची लांब सावली बहुधा खालच्या बाजूला आली असेल. ती कापून टाकू नका, तिचा उपयोग आहे.

आता माप. बहुतेक जोडकामं इथेच फसतात, आणि लोक दोष रंगाला देतात. इंद्रधनुष्याचा आकार ठरलेला आहे: सूर्याच्या विरुद्ध बिंदूपासून लाल कड सुमारे 42 अंशांवर, जांभळी आतल्या बाजूला सुमारे 40 अंशांवर. म्हणजे पूर्ण कमान 80 अंशांहून रुंद. मोबाइलचा नेहमीचा 1x कॅमेरा, ज्याची फोकल लेंग्थ 26 मिमीच्या आसपास सांगतात, आडव्या धरलेल्या फोनमध्ये जेमतेम 67 अंश बघतो. तेव्हा 1x च्या फोटोत अख्खी कमान मावूच शकत नाही. फार तर एक पाय, नाहीतर वरचा तुकडा. नेटवरून घेतलेली छोटीशी अर्धवर्तुळं फोटोच्या एका कोपऱ्यात बसवतात, तिथे बघणाऱ्याला ती खेळण्यातली वाटतात ती यामुळे. तुमचा फोटो 0.5x चा, साधारण 13 मिमीचा आहे. तो आडवा 106 अंश बघतो, म्हणजे कमान मावते आणि दोन्ही बाजूंना थोडं आभाळही उरतं.

फोटो 4000 बाय 3000 पिक्सेलचा आहे असं धरतो. या मापाला 13 मिमीची फोकल लेंग्थ पिक्सेलमध्ये मोजली तर 1500 येते. सूर्याची उंची काढायला घड्याळ पुरे. त्या आठवड्यात गुहागरला सूर्यास्त 6 वाजून 25 मिनिटांच्या आसपास असतो आणि आपल्या अक्षांशावर मावळतीचा सूर्य साधारण चार मिनिटांत एक अंश उतरतो. पावणेसहा म्हणजे 40 मिनिटं बाकी, म्हणजे सूर्य 10 अंशांवर. तेवढ्याच अंशांनी विरुद्ध बिंदू क्षितिजाखाली जातो, आणि कमानीचा माथा क्षितिजापासून 32 अंशांवर येतो.

इथे क्षितिज म्हणजे डोंगराची कड नव्हे. क्षितिज म्हणजे तुमच्या डोळ्यांची पातळी. पूर्वेकडे समुद्ररेषा नसल्यामुळे ती दिसत नाही, पण शोधता येते. तुम्ही ज्या सपाट वाळूवर उभे होता त्याच वाळूवर फोटोत माणसं असतील, तर जवळच्या आणि लांबच्या, साधारण तुमच्याएवढ्या उंचीच्या सगळ्यांची डोकी एकाच रेषेत येतात. ती रेषा म्हणजे क्षितिज. फोन सरळ धरला असेल तर ती फोटोच्या बरोबर मध्यावर, 1500 पिक्सेलवर असेल. फोन वर झुकवला असेल तर ती खाली सरकलेली दिसेल, आणि पुढचे आकडे त्या रेषेपासून मोजायचे. झुकाव जास्त असेल तर हे आकडे ढोबळ ठरतात, पण 5-6 अंशांपर्यंत चालून जातं. फोटो आधीच क्रॉप केला असेल तर मूळ फाइल काढा, कारण मध्य हलला की सगळा हिशेब हलतो.

तर माथा क्षितिजाच्या वर 1500 गुणिले टॅन 32.4 अंश, म्हणजे साधारण 950 पिक्सेल. कमानीचे पाय क्षितिजाला मध्यापासून दोन्हीकडे 41 अंशांवर टेकतात, म्हणजे साधारण 1320 पिक्सेलवर. माथा आणि दोन पाय या तीन बिंदूंतून जाणारं वर्तुळ काढलं की त्याचा मध्य क्षितिजाखाली 440 पिक्सेलवर येतो आणि त्रिज्या 1395 भरते. आपण 1400 धरू.

मध्य आडवा कुठे घ्यायचा? तिथे तुमची सावली कामाला येते. सावलीचं डोकं म्हणजे सूर्याच्या विरुद्ध बिंदूच. कमान त्या डोक्याच्या सरळ वर, दोन्हीकडे सारखी असते. सावली फोटोत डावीकडे 1700 पिक्सेलवर असेल तर कमानीचा मध्यही 1700 वर. फोटो सुंदर दिसावा म्हणून तो 2000 वर ओढायचा नाही. सावलीचं डोकं क्षितिजाखाली साधारण 265 पिक्सेलवर दिसलं पाहिजे. ते तसं दिसलं तर वेळ, लेन्स आणि झुकाव या तिन्हींचा ताळा एकदम लागतो. वर्तुळाचा मध्य मात्र 440 वर, त्याहून खाली. कारण रुंद लेन्स कडांकडे चित्र ताणते, आणि ताणलेल्या कमानीला जुळणारं वर्तुळ थोडं खाली सरकतं. सावलीच्या डोक्यावरच परकार ठेवला तर माथा जास्त वर जाईल.

जागा ठरली. आता तुमचा मूळ प्रश्न, राखाडी की प्लास्टिक.

इंद्रधनुष्य ही वस्तू नाही, तो प्रकाश आहे. थेंबांतून परत आलेलं ऊन मागच्या ढगाच्या उजेडात मिसळतं. त्यामुळे धनुष्य जिथे आहे तिथलं आभाळ कधीही आधीपेक्षा काळं होऊ शकत नाही, एकाही रंगात. तुम्ही Normal मोडमध्ये रंगीत चित्र ठेवून Opacity कमी करता तेव्हा नेमकं उलटं होतं. आभाळाचा हिरवा आकडा 228 आहे आणि तुमच्या लाल पट्ट्याचा हिरवा 30. Opacity 40 ठेवली तर हिरवा 149 वर येतो. लाल प्रकाश वाढवण्याऐवजी तुम्ही हिरवा आणि निळा काढून घेतलात. म्हणून पट्टा मळका दिसतो, आणि Opacity वाढवली की मळ जाड होतो. रंगीत काच आडवी धरली तर असं होतं. पावसाच्या थेंबांनी कधी होत नाही.

म्हणून काळ्या पार्श्वभूमीवर धनुष्य काढायचं आणि लेयरचा मोड Screen ठेवायचा. Screen चं गणित असं आहे:

```
परिणाम = 255 − (255 − खालचा) × (255 − वरचा) / 255
```

वरचा शून्य, म्हणजे काळा, असेल तर खालचं जसंच्या तसं राहतं. शून्यापेक्षा काहीही जास्त असेल तर परिणाम वाढतोच. काळ्या ढगाचा एक ठिपका घ्या: लाल 95, हिरवा 100, निळा 108. त्यावर आपला लाल पट्टा 122, 26, 16 पडला की 172, 116, 117 मिळतो. दबलेला, थोडा गुलाबीकडे झुकलेला लाल. खरं धनुष्य असंच दिसतं. हाच पट्टा उजळ ढगावर, 235, 236, 238 वर पडला तर 245, 238, 239, म्हणजे जवळजवळ काही नाही. याची तक्रार करू नका. उजळ ढगासमोर खरं धनुष्यही पुसट होतं. तिथे ते जबरदस्तीने दाखवायला गेलात की पुन्हा स्टिकर. Linear Dodge (Add) हा मोडही उजेड वाढवतो, पण तो 255 ला आपटतो आणि उजळ भागात रंग फुटतात; या फोटोला Screen बरा. Opacity आता निर्धास्त फिरवा, कारण Screen मध्ये ती फक्त उजेड कमी-जास्त करते, मळवत नाही.

फोटोशॉपमध्ये आधी Image > Mode मध्ये 16 Bits/Channel करा. काळ्या ढगावर हळू बदलणारे रंग 8 बिटमध्ये पायऱ्यापायऱ्यांनी तुटतात. नवीन लेयर घ्या, पूर्ण काळा भरा. Gradient टूल, प्रकार Radial, Dither वर टिक. तयार ग्रेडियंटमध्ये Transparent Rainbow मिळतो, तो घेऊ नका: त्यातले सगळे रंग भडक असतात. हे थांबे घ्या. 0 म्हणजे वर्तुळाचा मध्य, 100 म्हणजे बाहेरची कड:

```
0   #000000
93  #000000
94  #1a1430
95  #1c3a5c
96  #2f5a34
97  #7a6a20
98  #8a4418
99  #7a1a10
100 #000000
```

F8 दाबून Info उघडा, म्हणजे कर्सर कुठे आहे ते पिक्सेलमध्ये दिसेल. इंचात दाखवत असेल तर पटलाच्या पर्यायांत पिक्सेल करा. मध्य 2000 वर धरला तर 2000, 1940 वर क्लिक करून Shift दाबून सरळ वर 540 पर्यंत ओढा. मोड Screen. आभाळात कमान उभी राहील, खालचा अर्धा गोल वाळूवर येईल. तो मास्कने जाईलच.

रंगांकडे नीट बघा. बाहेरचा लाल सगळ्यांत शुद्ध असतो, कारण त्याच्या बाहेर दुसरा कुठला रंग पोचत नाही. आत जावं तसे रंग एकमेकांवर चढतात. हिरव्यात पिवळा असतो, निळ्यात हिरवा आणि थोडा पांढराही. सूर्य हा ठिपका नाही, अर्ध्या अंशाची चकती आहे, त्यामुळे प्रत्येक रंग अर्धा अंश पसरतो. तुमच्या फोटोत मध्याजवळ तो 13 पिक्सेल होतो. म्हणजे रंगांच्या मध्ये रेघ कुठेच दिसता कामा नये. जांभळा तर नुसता भास असतो. वरच्या यादीत तो 26, 20, 48 इतका अंधारा आहे तो मुद्दाम.

शिवाय पावणेसहाचं ऊन पांढरं नसतं. वातावरणातून तिरपं येताना त्यातला निळा विखरून जातो, म्हणून संध्याकाळच्या धनुष्यात लाल-केशरी जोरात आणि निळा मरगळलेला असतो. किती, ते फोटोच सांगतो: उन्हात असलेली पांढरी वस्तू शोधा, चुन्याची भिंत, होडीचा पांढरा पट्टा, कुणाचा सदरा. समजा तिचे आकडे 240, 214, 176 आले. म्हणजे लालच्या तुलनेत हिरवा 0.89 आणि निळा 0.73. धनुष्याच्या लेयरवर Levels क्लिप करा, Green मध्ये Output चं वरचं टोक 227 आणि Blue मध्ये 187 ठेवा. इतकंच. फोनने पांढरा आपोआप सुधारलेला असला तरी चालतं, कारण तीच सुधारणा धनुष्यालाही लागते आणि दोन्ही एका उजेडात येतात.

इथवर आलात तरी चित्र अजून जरा पोकळ वाटेल. कमानीच्या आतलं आभाळ बाहेरच्यापेक्षा उजळ असतं ना, ते राहिलंय. 42 अंशांच्या आतले सगळे थेंब थोडा पांढरा उजेड परत पाठवतात, बाहेरचे या वाटेने काहीच पाठवत नाहीत. दुसरा काळा लेयर घ्या, तोच मध्य, तीच त्रिज्या: मध्याला #0c0b0a, 93 वर #2a2622, 97 वर काळा. मोड Screen. वेगळा दिसला नाही तरी हा लेयर बंद-चालू केल्यावर जो फरक पडतो तो पाहण्यासारखा आहे. कमान पोकळ रिंगणासारखी उभी होती ती आभाळात बसते. बाहेरची बाजू काळी करायला ब्रश फिरवू नका, आतलं उजळलं की ती आपोआप गडद वाटते.

दुसरं, उलट्या रंगांचं धनुष्य 51 अंशांच्या आसपास असतं, रंग उलटे, लाल आत. ते पहिल्यापेक्षा बरंच पुसट आणि रुंद असतं. तुमच्या फोटोत ते मावेल, पण मी टाकणार नाही. पहिलं अगदी ठसठशीत असतानाच दुसरं दिसतं, आणि होर्डिंगवर दोन कमानी आल्या की लोक मोजायला लागतात.

आता मास्क. हे काम वेळ खातं.

सलग, दोन्ही टोकांना सारखी कमान क्वचित दिसते. धनुष्य पाऊस आहे तिथे दिसतं, आणि त्या पावसावर ऊन पडलं आहे तिथेच. तुमच्या फोटोत ढगाखालून राखाडी पडदा तिरका उतरलेला असेल. कमान तिथे भरीव हवी. जिथे ढगातून निळं आभाळ डोकावतंय तिथे ती जवळजवळ नाहीशी व्हावी. दोन्ही Screen लेयर एका ग्रुपमध्ये टाका, ग्रुपचा मोडही Screen करा, त्यावर पांढरा मास्क, आणि 500-600 पिक्सेलचा मऊ काळा ब्रश, Flow 10 च्या आसपास. फोटोतल्या पडद्याच्या तिरकेपणाच्या दिशेनेच हात फिरवा. माथ्याकडे जास्त पुसा, पायांकडे कमी. याला कारण आहे: मोठे थेंब पडताना चपटे होतात आणि त्यांचा चांगला उजेड कमानीच्या उभ्या बाजूंनाच मिळतो, म्हणून पाय अधिक तेजस्वी आणि लालसर दिसतात. रुंद लेन्सच्या ताणामुळे पायथ्याला पट्टाही थोडा जाड हवा, माथ्याला 68 तर क्षितिजापाशी 88 पिक्सेल. कुणी मोजणार नाही, पण Warp ने आतली कड जराशी आत ढकललीत तर डोळ्याला बरं वाटतं.

पायथ्याचं एक कोडं असतं: धनुष्य डोंगराच्या पुढे की मागे? पाऊस कुठे आहे त्यावर. सर डोंगर आणि माडांच्या मध्ये असेल तर कमान डोंगरावरून खाली उतरते, आणि डोंगर गडद असल्यामुळे तिथे ती आभाळापेक्षा ठळक दिसते. फोटोत डोंगराच्या कडा पावसाने धूसर झाल्या असतील तर सर पुढे आहे, कमान डोंगरावर आणा. कडा कोरीव, स्वच्छ दिसत असतील तर पाऊस मागे आहे आणि कमान कडेपाशीच थांबली पाहिजे. माड, सुरू, घरं, माणसं यांच्या मात्र ती नेहमी मागे. त्यांच्या आणि तुमच्यामध्ये पाऊस असता तर फोन भिजला असता.

झाडांचा मास्क हाताने कोरायला बसू नका. संध्याकाळचं ऊन समोरून पडल्यामुळे झावळ्या सोनेरी-हिरव्या दिसतात आणि अशा पानांत निळा फार कमी असतो. ढगात निळा भरपूर. म्हणून Channels मध्ये Blue बघा. झावळ्या काळ्या, ढग करडा, फरक स्पष्ट. Blue ची प्रत करा, Levels ने काळं आणि पांढरं टोक जवळ आणा, पानं पूर्ण काळी आणि ढग पूर्ण पांढरा होईपर्यंत. मग त्या प्रतीवर Ctrl दाबून क्लिक करा, सिलेक्शन येईल. ते ग्रुपच्या मास्कवर हवं: सिलेक्शन उलटं करून मास्कमध्ये काळं भरा. डोंगरही गडद असल्यामुळे तो यात काळा होतो. कमान डोंगरावर हवी असेल तर तेवढा भाग मऊ पांढऱ्या ब्रशने परत उघडा, झाडांना धक्का न लावता.

सुरूची पानं या पद्धतीचीही परीक्षा घेतात. ती केसांसारखी बारीक, अर्धा पिक्सेल पान आणि अर्धा पिक्सेल आभाळ. Levels फार आवळलं तर त्यांच्याभोवती रंग नसलेली कड उरते, सैल सोडलं तर पानं लाल-हिरवी चमकतात. 200 टक्क्यांवर झूम करून सुरूच्या शेंड्याजवळ बघा. चमकणारी पानं हीच चूक जास्त वाईट, कारण झाड उजळलं की धनुष्य झाडाच्या पुढे आलं असा अर्थ होतो. तेव्हा थोडं आवळलेलंच बरं. फार त्रास होत असेल तर Layer Style मधल्या Blend If मध्ये Underlying Layer चा काळा त्रिकोण Alt दाबून दोन भागांत तोडा, 35 आणि 70 च्या आसपास. खालचे अंधारे पिक्सेल मग रंग घेत नाहीत. डोंगरावरही हाच परिणाम होईल, म्हणून कमान डोंगरावर उतरत असेल तर हा मार्ग सोडा.

शेवटी ग्रुपची Opacity. मी या फोटोला 55 ते 65 मध्ये थांबेन. तुमचा हात 80 कडे जाईल, कारण तासभर त्या पट्ट्यावर काम केल्यावर तो कमीच वाटतो. मॉनिटरपासून उठा, चहा घ्या, मग फोटो अंगठ्याएवढा करून बघा. पहिली नजर ढगावर गेली आणि मग कमानीवर, तर ठीक. आधी कमान दिसली तर दहाने उतरवा. मोबाइलच्या आभाळात बारीक दाणे असतात आणि आपली कमान गुळगुळीत, त्यामुळे धनुष्याच्या लेयरवर Add Noise, Gaussian, 1 ते 1.5 टक्के द्या. Monochromatic वर टिक नको, फोनचे दाणे रंगीतच असतात. काळ्या भागालाही थोडे दाणे लागतील, ते आतल्या आभाळात चालून जातात. बाहेरच्या बाजूला नको असतील तर मास्क आहेच.

बरोबर झालंय की नाही ते Info सांगतं. कमानीवर चार-पाच ठिकाणी Color Sampler चे बिंदू लावा, ग्रुप बंद करून आकडे बघा, चालू करून बघा. एकाही बिंदूत एकही आकडा खाली आला असेल तर कुठेतरी Normal राहून गेलंय, बहुतेक वेळा ग्रुपवरच. लेयर Screen आणि ग्रुप Normal असं ठेवलं की आतले काळे लेयर आभाळ झाकतात. तो प्रकार तर बघताक्षणी कळतो. Pass Through ठेवला तरी चालतं.

तुमचं काम फ्लेक्सचं आहे म्हणून छपाईबद्दल एक गोष्ट. फ्लेक्सच्या शाईत पडद्यावरचा लाल आणि निळा दोन्ही तेवढे निघत नाहीत. View > Proof Colors लावून बघितलंत तर कमान अजून दबेल. त्यावर Saturation वाढवू नका. शाईत न बसणारे रंग एका जागी जमा होतात आणि पट्टे वेगळे वेगळे, रेघा मारल्यासारखे छापले जातात. त्याऐवजी कमानीमागचा ढग Curves ने थोडा गडद करा. धनुष्याला अंधारी जागा मिळाली की Screen तिथे आपोआप जास्त रंग दाखवतो, आणि ऑक्टोबरचा ढग थोडा काळा झाला म्हणून गुहागरात कुणाला काही वाटणार नाही. अक्षरं कमानीवर टाकू नका. खाली वाळूवर भरपूर जागा आहे. फक्त तुमची ती लांब सावली पुसली तरी हरकत नाही आता, तिचं काम झालं. पण बाकीच्यांच्या सावल्या राहू द्या, आणि त्या सगळ्या कमानीच्या माथ्याच्या सरळ खाली, क्षितिजावरच्या एकाच बिंदूकडे जाताहेत ना, एवढं बघा.